आरशातल्या दोन ज्योती

रात्री खोलीतले दिवे मालवा, एक मेणबत्ती पेटवा आणि ती भिंतीवरच्या आरशाजवळ धरून बाजूने, बऱ्याच तिरक्या नजरेने आरशात पाहा. ज्योतीचं प्रतिबिंब एकटं नसतं. ठळक ज्योतीच्या अलीकडे आणखी एक फिकट ज्योत दिसते. ठळक ज्योत काचेच्या पाठीमागे चढवलेल्या चांदीच्या थराने परत पाठवलेली असते आणि फिकट ज्योत काचेच्या पुढच्या पृष्ठभागाने. समोरून सरळ पडलेल्या उजेडापैकी जेमतेम ४ टक्के उजेड काच परत फिरवते आणि बाकीचा आत जाऊ देते. चांदी मात्र तिच्यापर्यंत पोचलेला ९५ टक्क्यांच्या आसपास उजेड माघारी धाडते. एकाच आरशातल्या या दोन पदार्थांच्या वागण्यात इतका फरक का?

काचेच्या अणूंमध्ये मोकळी जागा असते, त्या फटींतून उजेड निघून जातो, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. हिरव्या प्रकाशाची एक लाट साधारण ५५० नॅनोमीटर लांब असते, म्हणजे एका मिलिमीटरात अशा अठराशे लाटा मावतात. काचेतल्या दोन शेजारी अणूंमधलं अंतर या लाटेच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतं. त्यामुळे एक लाट एकाच वेळी हजारो अणूंवर पसरलेली असते आणि तिला फटी दिसण्याचा प्रश्नच येत नाही. वाटेतल्या प्रत्येक अणूचे इलेक्ट्रॉन ती हलवते. ते कसे हलतात, यावर सगळं ठरतं.

यासाठी दुसरा प्रयोग करा. वीतभर दोऱ्याला एक किल्ली बांधा आणि दोऱ्याचं वरचं टोक चिमटीत धरा. हात डावी-उजवीकडे अगदी सावकाश हलवला, तर किल्ली हाताबरोबर निमूट जाते. हात भराभर हलवला, तर किल्ली उलट वागते. हात उजवीकडे तर ती डावीकडे, आणि झोकाही लहान. या दोन्हींच्या मध्ये एक लय अशी सापडते, की किल्ली प्रत्येक हेलकाव्यासरशी जास्तच झोके घेऊ लागते. ही किल्लीची स्वतःची लय. तुमच्या हाताची शक्ती ती या लयीत सर्वांत जास्त शोषते.

प्रकाश म्हणजे दिशा बदलत राहणारा विद्युत जोर. हिरव्या प्रकाशात तो सेकंदाला सुमारे साडेपाच कोटी कोटी वेळा मागेपुढे होतो. इथे प्रकाश म्हणजे आपला हात आणि इलेक्ट्रॉन म्हणजे किल्ली.

काचेतले इलेक्ट्रॉन सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या बंधांत घट्ट अडकलेले असतात. दोरा जितका आखूड तितकी किल्लीची लय जलद, तसंच बंधन जितकं घट्ट तितकी इलेक्ट्रॉनची लय जलद. काचेतल्या इलेक्ट्रॉनची लय इतकी जलद असते, की ती अतिनील किरणांशी जुळते. डोळ्यांना दिसणारा प्रकाश तिच्या मानाने सावकाश हलणारा हात आहे. म्हणून इलेक्ट्रॉन त्याच्याबरोबर निमूट डोलतात आणि शक्ती जवळजवळ खात नाहीत. पण डोलणारा विद्युतभार स्वतःही लाट सोडतो. ही नवी लाट मूळ लाटेत मिसळते आणि तिला थोडी मागे खेचते. त्यामुळे काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटरवरून सुमारे २ लाखांवर येतो. कडेला जाणाऱ्या लाटा एकमेकींना खोडून टाकतात आणि पुढे जाणाऱ्या एकमेकींत भर घालतात, म्हणून पलीकडचं चित्र विस्कटत नाही. फक्त हवा आणि काच जिथे भेटतात, त्या सीमेवर मागे जाणाऱ्या लाटा पुरत्या खोडल्या जात नाहीत. ते ४ टक्के तिथले. काच कुटून भुगा केला, की तो पांढरा दिसतो, कारण पदार्थ तोच राहिला तरी अशा सीमा लाखो झाल्या.

चांदीत गोष्ट वेगळी आहे. तिच्या प्रत्येक अणूमागे साधारण एक इलेक्ट्रॉन कुणालाच बांधलेला नसतो. तो साऱ्या धातूत मोकळा फिरतो. त्याला दोराच नाही, त्यामुळे स्वतःची लयही नाही. अशा इलेक्ट्रॉनला प्रकाशाचा हात नेहमी भराभर हलणाराच वाटतो आणि तो उलट डोलतो. एका घन सेंटिमीटर चांदीत असे इलेक्ट्रॉन ५८ कोटी कोटी कोटींच्या घरात... खरं तर हा आकडा लिहून मनात काही उभं राहत नाही. एवढंच ध्यानात ठेवावं, की ही गर्दी प्रकाशाच्या जोराला पुरून उरते. तिने सोडलेली लाट आतल्या बाजूला मूळ लाटेच्या विरुद्ध पडते आणि तिला खोडून टाकते. बाहेरच्या बाजूला खोडायला काही नसतं, म्हणून तिकडे ती लखलखीत माघारी येते. तेच आपलं प्रतिबिंब.

हे खोडणं मात्र पृष्ठभागावर एका फटक्यात होत नाही. लाट थोडी आत शिरते आणि विरत जाते. तिची उंची मूळच्या ३७ टक्क्यांवर येईपर्यंत तिने कापलेलं अंतर म्हणजे ‘स्किन डेप्थ’, धातूच्या कातडीची जाडी म्हणा. चांदीत दिसणाऱ्या प्रकाशासाठी ती साधारण २५ नॅनोमीटर आहे. लाटेची उंची एवढी घटली, की उजेड सातव्या हिश्शावर येतो. आता आरशाचा हिशेब करू. चांदीचा थर १०० नॅनोमीटर धरला, तर त्यात अशा चार कातड्या बसतात. सात गुणिले सात, पुन्हा सात, पुन्हा सात केलं, की अडीच हजारांच्या आसपास येतं. म्हणजे आत शिरलेल्या उजेडाचा अडीच-तीन हजारावा भागच पलीकडे पोचेल. केसाच्या जाडीचा पाचशेवा भागही नसलेला थर आरशाला पुरतो तो यामुळे. हाच थर दहा-पंधरा नॅनोमीटरचा ठेवला, तर थोडा उजेड आरपार जातो आणि अर्धा आरसा, अर्धी खिडकी अशी काच तयार होते.

ही कातडी प्रत्येक लहरीला सारखी नसते. घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी तांब्यात ती ९ मिलिमीटर भरते. म्हणून मोठ्या वीज उपकेंद्रांत जाड नळ्या आतून पोकळ ठेवलेल्या चालतात. मधल्या धातूतून वीज फारशी वाहतच नाही. दुसऱ्या टोकाला, हात फारच वेगाने हलू लागला, तर मोकळ्या इलेक्ट्रॉनचे झोके इतके तोकडे होतात, की लाट खोडायला ते पुरत नाहीत. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९३३ साली सोडियम, पोटॅशियम अशा धातूंचे पातळ थर अतिनील प्रकाशात तपासले, तेव्हा ते पारदर्शक निघाले. त्याच अतिनील पट्ट्यातले तीव्र किरण खिडकीची साधी काच मात्र अडवते, कारण तिथे तिच्या इलेक्ट्रॉनची लय जुळू लागते. पारदर्शकपणा पदार्थाच्या अंगी कायमचा नसतो. कोणता प्रकाश, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही.

जुन्या चांदीच्या आरशाच्या कडेला पडलेले काळे डाग आता पाहा. मागच्या रंगाला तडा गेला, दमट हवा आत शिरली आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदीचं सल्फाइड केलं. मोकळे इलेक्ट्रॉन बांधले गेले, पण काचेतल्याइतके घट्ट नाहीत. त्यांची लय दिसणाऱ्या प्रकाशाच्या टप्प्यात आली. त्या डागावर पडलेला उजेड परत येत नाही आणि पलीकडेही जात नाही. त्याची तिथेच उष्णता होते.