नूतनीकरणाची यादी: कोणाला, कधी आठवण करायची?

विमा एजंटच्या वहीत गाडीची, आरोग्याची आणि आयुर्विम्याची पॉलिसी शेजारीशेजारी लिहिलेली असते. पण तारीख चुकली की प्रत्येकीचे वेगळेच होते. गाडीच्या विम्याला सवलतीचे दिवस नसतात. मुदत ज्या दिवशी संपते, त्या मध्यरात्रीनंतर संरक्षण बंद होते. आरोग्य विम्याचा वार्षिक हप्ता मुदतीनंतर 30 दिवसांत भरला तर पॉलिसी सलग धरली जाते, मात्र मधल्या दिवसांत कोणी आजारी पडले तर त्या खर्चाचा दावा मिळत नाही. आयुर्विम्यात वार्षिक, सहामाही किंवा तिमाही हप्त्याला 30 दिवसांचा ग्रेस असतो. त्या काळात विमेदाराचा मृत्यू झाला तरी थकलेला हप्ता वजा करून वारसाला रक्कम मिळते. मासिक हप्त्याला हाच ग्रेस 15 दिवसांचा असतो. सगळ्यांना सरसकट आठवडाभर आधी मेसेज पाठवण्याची पद्धत म्हणूनच कामाची नाही. काही ग्राहकांसाठी तो मेसेज फार उशिरा येतो, तर काहींसाठी उगाच घाईचा ठरतो.

यादीची सुरुवात कंपनीच्या पोर्टलवरच्या ड्यू लिस्टने होते, पण ती तेवढ्यावर थांबवता येत नाही. प्रत्येक कंपनी फक्त आपल्याच पॉलिसी दाखवते. एका घरातली गाडी एका कंपनीकडे आणि आरोग्य विमा दुसरीकडे असेल, तर ते घर एकत्र दिसते ते एजंटच्या स्वतःच्या वहीत किंवा एक्सेलच्या पानावरच. त्या पानावर मुदत संपण्याच्या तारखेशेजारी आणखी एक तारीख हवी. ग्राहकाला निवड करायला, पैसे उभे करायला आणि कंपनीला कागद तपासायला वेळ उरेल अशी ती ‘कामाची शेवटची तारीख’. यादी लावायची ती या तारखेच्या क्रमाने. ती तारीख D स्तंभात असेल, तर उरलेले दिवस असे निघतात:

```
=D2-TODAY()
```

दुसरा एक रकाना बहुतेक वह्यांत नसतो, तो म्हणजे पैसे कोण भरतो. पॉलिसी गावातल्या वडिलांच्या नावावर आणि हप्ता भरणारा मुलगा पुण्यात, असे हल्ली सर्रास असते. वडिलांना चार फोन करून जे होत नाही, ते मुलाला केलेल्या एका फोनने होते. अर्थात त्यासाठी वडिलांची संमती आधीच घेतलेली असावी.

सांगलीजवळच्या एका ऊसबागायतदार कुटुंबाचे उदाहरण कल्पनेने घेऊ. त्यांच्या मोटारीची पॉलिसी 18 ऑक्टोबरला संपते, वडिलांच्या आयुर्विम्याचा सहामाही हप्ता 28 ऑक्टोबरला येतो आणि घराचा आरोग्य विमा 26 नोव्हेंबरला संपतो. मुदतीच्या क्रमाने पाहिले तर आरोग्य विमा शेवटी आहे. कामाच्या क्रमाने तो सगळ्यात आधी येतो. ग्राहकाला दुसऱ्या कंपनीकडे जायचे असेल, म्हणजे पोर्टिंग करायचे असेल, तर अर्ज मुदतीच्या 60 ते 45 दिवस आधी द्यावा लागतो. इथे ती खिडकी 27 सप्टेंबरला उघडते आणि 12 ऑक्टोबरला मिटते. तेव्हा पहिला फोन सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात व्हायला हवा आणि त्यात पैसे मागायचे नसतात. यंदा हप्ता किती येण्याची शक्यता आहे, घरात कोणाला नवा आजार निघाला का, विम्याची रक्कम पुरेशी वाटते का, एवढेच विचारायचे. ग्राहक आहे त्याच कंपनीत राहणार असेल, तर पुढची आठवण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुरते.

या फोनचा आणखी एक उपयोग होतो. आरोग्य विम्याचा हप्ता वयाचा गट बदलला की वाढतो. खात्यातून आपोआप कपात ठेवलेली असेल आणि नवी रक्कम बँकेला दिलेल्या मर्यादेच्या वर गेली, तर कपात होत नाही. ग्राहक मात्र ‘ते आपोआप जातं’ म्हणून निश्चिंत असतो. वहीत गेल्या वर्षीची रक्कम लिहून ठेवून तीच कळवणे इथे नडते. आकडा दरवेळी कंपनीकडून नवा घ्यावा लागतो.

मोटारीसाठी सुमारे 15 दिवस आधी दर कळवणे, आठवडाभर आधी फोन आणि दोन दिवस आधी शेवटची आठवण, एवढे पुरे. यापेक्षा जास्त मेसेज गेले की लोक ते वाचणेच सोडतात. पण शेवटचे दोन दिवस सोडून चालत नाही. मुदत एकदा उलटली की कंपनी बहुधा गाडीची पाहणी मागते, आणि तोवर अपघात झाला तर खर्च मालकाच्या अंगावर येतो. थर्ड पार्टी विमाही संपलेला असेल, तर पहिल्यांदा सापडल्यावर 2,000 रुपये दंडाची तरतूद आहे. सलग पाच वर्षे दावा न केलेल्या मालकाला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात 50 टक्के सूट मिळते. ती मुदतीनंतर 90 दिवसच टिकते. या उदाहरणात 16 जानेवारी उलटली की गेली. समजा तो भाग 12,000 रुपयांचा असेल, तर 6,000 ऐवजी पूर्ण रक्कम भरावी लागते. नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा मिळतो. त्यामुळे ‘माझा विमा अजून चालू आहे’ असे ग्राहक खरेच समजत असतो, पण गाडीच्या नुकसानीचा भाग वर्षातच संपलेला असू शकतो. अशा गाडीच्या वहीत दोन वेगळ्या ओळी हव्यात.

वडिलांच्या आयुर्विम्याला घाई नाही, पण अडचण पैशांची आहे. ऊस कारखान्यावर जाऊन बिल हाती यायचे असते आणि हप्ता ऑक्टोबरातच येतो. इथे 28 ऑक्टोबरच्या आठवडाभर आधी एक आठवण आणि 15 नोव्हेंबरच्या सुमारास दुसरी द्यावी. ग्रेस 27 नोव्हेंबरपर्यंत आहे हे दुसऱ्या वेळी स्पष्ट सांगावे. पहिल्याच फोनवर सांगितले की लोक तीच खरी तारीख धरून चालतात.

मेसेजमध्ये पॉलिसीचे शेवटचे चार आकडे, तारीख, रक्कम आणि ग्राहकाने काय करायचे एवढे असले की झाले. पैसे भरण्याची लिंक फोनवर बोलून झाल्यावरच पाठवावी आणि ती थेट कंपनीचीच असावी. विम्याच्या नावाने फसवणुकीचे फोन इतके येतात की सावध ग्राहक अनोळखी लिंक उघडत नाही, आणि ते योग्यच आहे.

वहीच्या शेवटच्या रकान्यात स्थिती लिहायची असते आणि सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. ‘भरतो म्हणाले’ आणि ‘भरले’ यांच्यात खूप अंतर असते. ‘भरले’ आणि ‘पॉलिसी आली’ यांच्यातही असते, कारण चेक परत येतो, पाहणीचे फोटो नाकारले जातात, गाडीचा नंबर चुकीचा पडतो. म्हणून नवी पॉलिसी किंवा पावती हातात येईपर्यंत ओळ खोडायची नाही. ग्राहकाने गाडी विकली किंवा विमा दुसरीकडे घेतला असेल, तर तेही कारणासह लिहावे. नाहीतर पुढच्या वर्षी त्यालाच पुन्हा फोन जातो.

महिना संपताना न सुटलेल्या ओळी पुढच्या महिन्याच्या पानाच्या माथ्यावर उतरवाव्यात. गाडीच्या ओळीपुढे 90 व्या दिवसाची तारीख, आरोग्य विम्यापुढे 30 व्या दिवसाची आणि आयुर्विम्यापुढे ग्रेस संपण्याची. ग्रेसही उलटून लॅप्स झालेल्या आयुर्विमा पॉलिसींचे पान वेगळे असावे. पारंपरिक पॉलिसी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांच्या आत आणि युलिप तीन वर्षांच्या आत पुन्हा चालू करता येते. त्यासाठी थकबाकी व्याजासह भरावी लागते आणि बरेचदा तब्येतीचा दाखलाही मागतात.