जुन्या फायली, नवे पडदे (भाग ५) : वेलांटीची उडी आणि दऱ्याखोऱ्यांतला र

मागच्या आठवड्यात फाइलमधला फॉन्ट ओळखायला शिकलो. आता प्रत्यक्ष रूपांतर, तेही कृतिदेवमधल्या मजकुराचे.

कृतिदेवमधला ‘मूर्ती’ मोबाइलवर `ewrhZ` असा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. तिच्यात मराठी अक्षरे कधी नव्हतीच. साठवलेली होती इंग्रजी अक्षरे, आणि फॉन्ट `e`च्या जागी ‘म’चे चित्र दाखवत होता. त्यामुळे ‘मूर्ती’ शोधली तरी सापडत नाही.

नुसती अदलाबदल केली तर शेवटचा `Z` म्हणजे रफार शेवटीच राहतो आणि ‘मूतीर्’ तयार होते. कारण कृतिदेव डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने लिहितो, तर युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. म्हणून रफाराला वेलांटी ओलांडून ‘त’च्या आधी न्यावे लागते. ऱ्हस्व वेलांटीचे उलटे. ‘स्थिती’ म्हणजे `fLFkrh`. यातला `f` ही वेलांटी सर्वांत आधी येते. तिला ‘स्थ’ हे अख्खे जोडाक्षर ओलांडून जायचे असते. कच्चा परिवर्तक पहिल्या अर्ध्या अक्षराशीच थांबतो आणि ‘स्िथती’ उमटते. अशा ठिकाणी बहुधा तुटक रेषांचे वर्तुळ दिसते, पण ते शोधून मिळत नाही, कारण ते मजकुरात नसतेच, पडद्यावर काढलेले असते. शोधायचे ते हलन्तानंतर लगेच आलेले स्वरचिन्ह. व्हीएस कोडमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय चालू करून हे टाका :

```
\u094D[\u093E-\u094C]
```

जेवढे सापडेल तेवढे चूक आहे असे समजा.

यापेक्षा अवघड चूक डोळ्यांना खटकतच नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. हिंदीला हा दुसरा र लागत नाही, त्यामुळे हिंदीसाठी बनवलेल्या तक्त्यातून ‘दऱ्याखोऱ्यांत’चे ‘दर्याखोर्यांत’ होऊ शकते. वर्तुळ नाही, लाल रेघही येईलच असे नाही, अर्थ मात्र गेला. अशा शब्दांसाठी माणसाने वाचायलाच हवे. ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून एकेक ठिकाण तपासा. ‘कार्य’, ‘सूर्य’ बरोबर असतात, ‘दुसर्या’, ‘तर्हा’ नसतात, म्हणून सरसकट बदल करू नका.

काही परिवर्तक हे अक्षर बरोबर दाखवतात, पण साध्या र, हलन्त आणि एका अदृश्य जोडचिन्हातून. दिसायला तेच, तरी ‘दऱ्या’ शोधल्यावर बऱ्याच ठिकाणी सापडत नाही. तेव्हा पहिली ओळ शोधून तिच्या जागी दुसरी घाला. बदलाच्या चौकटीत सांकेतिक अंक चालत नसतील, तर तिथे थेट ‘ऱ्’ टाइप करा :

```
\u0930\u094D\u200D
\u0931\u094D
```

फाइलमधले इंग्रजी शब्दही परिवर्तकातून गेले तर त्यांचे निरर्थक देवनागरी होते. ते आधी वेगळे काढा. आणि रूपांतर नेहमी प्रतीवरच करा. मूळ फाइल तिच्या फॉन्टसह जपून ठेवा, कारण ‘दर्या’ होता की ‘दऱ्या’ हे पुढे कधी अडले, तर उत्तर तिच्यातच मिळेल.