साठ लाखांच्या घराला चव्वेचाळीस लाखच का?

समजा, पुण्यात एका जुन्या इमारतीतल्या टू बीएचके फ्लॅटचा सौदा ६० लाखांना ठरला. घेणाऱ्याने ‘बँक ८० टक्के देते’ असं ऐकलेलं, म्हणून त्याने ४८ लाख कर्ज धरलं आणि उरलेले १२ लाख जमवून ठेवले. टोकन दिलं, साठेखत झालं. मग बँकेचं मंजुरीपत्र आलं, ते ४४ लाखांचं. टक्केवारी त्याने बरोबर ऐकली होती. चूक झाली ती हे ८० टक्के कशाचे, हे न विचारण्यात.

कर्जाची रक्कम आणि मालमत्तेचं मूल्य यांच्या या प्रमाणाला बँकेत एलटीव्ही म्हणतात. त्याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने ठरवलेली आहे. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर मूल्याच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. हे टप्पे कर्जाच्या रकमेवर आहेत, घराच्या किमतीवर नाहीत. कर्जदाराचं उत्पन्न किंवा इमारतीचं वय पाहून बँक याहून कमी देऊ शकते, जास्त मात्र नाही.

आता मूल्य. बँक आपला व्हॅल्युअर पाठवते. तो टेप घेऊन खोल्या मोजतो, कारण विक्रेत्याने सांगितलेलं क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष कार्पेट एरिया यांत बरंच अंतर असू शकतं. बाथरूमच्या मागच्या भिंतीवरची ओल बघतो, बंद केलेली बाल्कनी मंजूर नकाशात आहे का ते तपासतो, आसपास अलीकडे कोणते फ्लॅट कितीला विकले गेले याची चौकशी करतो. आपल्या फ्लॅटचं मूल्य त्याने ५५ लाख लिहिलं. सौद्याची किंमत आणि व्हॅल्युअरचा आकडा यांतला जो कमी असेल तो बँक धरते. ५५ लाखांचे ८० टक्के म्हणजे ४४ लाख.

म्हणजे घरचे १६ लाख हवेत. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सहसा या मूल्यात धरता येत नाही. पुणे महापालिका हद्दीत ७ टक्क्यांनी ४ लाख २० हजार आणि नोंदणीचे ३० हजार मिळवले की आकडा साडेवीस लाखांवर जातो. हाताशी आहेत बारा.

बँक एवढं अंतर का ठेवते, हे हप्ते थकल्यावर काय होतं ते पाहिलं की कळतं. ४४ लाख, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं, म्हणजे हप्ता सुमारे ३८,२०० रुपये. दोन वर्षांत नऊ लाखांहून अधिक रक्कम भरली जाते, पण मुद्दल कमी होतं ते जेमतेम १ लाख ८३ हजारांनी, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत बहुतेक भाग व्याजाचाच असतो. बाकी राहतात ४२ लाख १७ हजार.

इथून हप्ते बंद झाले असं धरू. ९० दिवसांनी खातं थकीत ठरतं. सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस जाते, मग ताबा, त्यासाठी बऱ्याचदा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, मग लिलाव. यात सहज दीड वर्ष जातं आणि व्याज चालूच राहतं. येणं ४८ लाखांच्या आसपास पोचतं. लिलावात घर बाजारभावाने जात नाही. आत कोणी राहत असेल, सोसायटीचा मेंटेनन्स थकला असेल, तर बोली आणखी खाली येते. ५० लाख आले तर बँकेचं कसंबसं भागतं.

हेच कर्ज पूर्ण ६० लाखांचं असतं, तर त्याच दिवशी येणं ६५ लाखांवर गेलं असतं आणि लिलावाचे तेच ५० लाख आले असते. वरचे १५ लाख कर्जदाराच्याच डोक्यावर राहतात, घर गेल्यानंतरही. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून पूर्ण कर्ज न मिळणं हे घेणाऱ्याच्याही बाजूचं आहे, असं मला मनापासून वाटतं. आणखी एक कारण आहे: ज्याचे स्वतःचे सोळा लाख घरात अडकलेत, तो अडचणीच्या महिन्यातही हप्ता चुकवायला धजत नाही.

काही दलाल यावर वाट सुचवतात: करारात किंमत वाढवून लिहू, किंवा कमी पडतील तेवढे पर्सनल लोनने उचलू. वाढीव किमतीवर मुद्रांक शुल्कही वाढतं, व्हॅल्युअरचा आकडा मात्र हलत नाही, आणि खोटी किंमत लिहिणं ही बँकेची फसवणूकच आहे. पर्सनल लोनचा हप्ता क्रेडिट रिपोर्टात दिसतो आणि गृहकर्जाची पात्रता त्यामुळेच घटते.

आपल्या खरेदीदाराने क्रम उलटा केला. आधी व्हॅल्युएशन करून घेता आलं असतं. निदान साठेखतात ‘ठरलेलं कर्ज मंजूर न झाल्यास टोकन परत’ असं कलम घालता आलं असतं. आता विक्रेत्याशी किंमत कमी करण्याबद्दल बोलायचं तर व्हॅल्युएशनचा ५५ लाखांचा आकडा, एवढाच आधार त्याच्या हातात आहे.