ट्रान्सफॉर्मर लहान करण्याच्या सूचनेला नकार देताना

मोठ्या इमारतीचं कंत्राट दिलं गेलं की काही आठवड्यांत मालकाच्या टेबलावर एक कागद हमखास येतो. त्याचं नाव ‘व्हॅल्यू इंजिनीअरिंग प्रस्ताव’. कुठे कोणतं सामान बदललं तर किती पैसे वाचतील, याची ती यादी असते. त्यातल्या बऱ्याच सूचना चांगल्या असतात. पण विजेच्या कामात एक सूचना वारंवार येते आणि तिला बहुतेक वेळा नकारच द्यावा लागतो, ती म्हणजे ट्रान्सफॉर्मर लहान करा. नकाराचं पत्र लिहिण्याचं काम सल्लागार अभियंत्याकडे येतं. ‘तांत्रिक कारणास्तव अमान्य’ एवढं लिहून हात झटकणं सोपं आहे, पण मालकावर तो अन्याय आहे. पैसे त्याचे आहेत, आणि नकार का, हे त्याला स्वतः पडताळून पाहता आलं पाहिजे.

नागपुरातल्या दीडशे खाटांच्या एका खासगी रुग्णालयाचं उदाहरण घेऊ. आराखड्यात ११ हजार व्होल्टचे ४३३ व्होल्ट करणारा १००० केव्हीएचा, तेलाचा ट्रान्सफॉर्मर होता. कंत्राटदाराचं म्हणणं, ६३० केव्हीएचा पुरेल. मुख्य ब्रेकर आणि बसबारही लहान होतील आणि सगळं मिळून सहा लाख वाचतील. रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टला ही रक्कम लहान नाही. तेवढ्यात दोन चांगले मॉनिटर येतात, आणि विश्वस्तांनी हे बोलून दाखवलं तर त्यात त्यांचं काही चुकत नाही.

व्हॅल्यू इंजिनीअरिंगची कल्पना अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या लॉरेन्स माइल्स यांची. दुसऱ्या महायुद्धात मालाची टंचाई होती, त्या काळात ती आकाराला आली. वस्तू जे काम करते ते तसंच राहिलं पाहिजे आणि खर्च उतरला पाहिजे, हा तिचा पाया. म्हणून पत्रातला पहिला प्रश्न किमतीचा नसतो. ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर हजाराच्या ट्रान्सफॉर्मरचं काम करेल का, हे आधी पाहायचं.

कंत्राटदाराचा हिशेब असा होता. रुग्णालयातल्या सगळ्या यंत्रांची, दिव्यांची, सॉकेटची बेरीज, म्हणजे कनेक्टेड लोड, १४५० किलोवॅट. सगळं काही एकाच वेळी चालत नाही, म्हणून त्यातलं ४० टक्के धरलं. आले ५८० किलोवॅट. पॉवर फॅक्टर ०.९८ धरला की ५९२ केव्हीए होतात, म्हणजे ६३० मध्ये बसले. बेरीज-वजाबाकीत काही चूक नाही. ४० टक्क्यांना आधार म्हणून ट्रस्टच्याच जुन्या रुग्णालयाची वीजबिलंही जोडली होती. ती बिलं नोव्हेंबर ते जानेवारीची होती.

सगळी गोम या तीन महिन्यांत आहे. हिवाळ्यात नागपूरच्या रुग्णालयाची वातानुकूलन यंत्रणा जेमतेम चालते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो आणि ऑपरेशन थिएटर, आयसीयू, एमआरआय कक्ष थंड ठेवणारे चिलर सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत जवळपास पूर्ण ताकदीने चालतात. त्यामुळे सगळ्या इमारतीला एकच टक्केवारी लावता येत नाही. प्रत्येक गटाला त्याची स्वतःची लावावी लागते. वातानुकूलनाचे ४२० किलोवॅट आहेत, त्याला मे महिन्यात ८५ टक्के. दिवे आणि सॉकेटना ५० टक्के. वैद्यकीय यंत्रांना ४०, कारण सीटी स्कॅन किंवा कॅथलॅब जोराचा भार क्षणभरच घेते. स्वयंपाकघर, लाँड्री आणि उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागाला मिळून ४०. लिफ्ट आणि पंपांना निम्मं. अशी बेरीज ८१७ किलोवॅट येते. या गटांचे कमाल क्षण एकाच मिनिटाला येत नाहीत, म्हणून आणखी १५ टक्के सूट दिली. उरतात सुमारे ६९५ किलोवॅट, आणि पॉवर फॅक्टर ०.९५ धरून ७३० केव्हीए.

हजार केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर हा भार ७३ टक्के होतो. ६३० च्या ट्रान्सफॉर्मरवर ११६ टक्के.

यावर कंत्राटदाराचं उत्तर ठरलेलं असतं: ट्रान्सफॉर्मर वीस टक्के जास्त भार सहज सोसतो. हे अर्धं खरं आहे. जास्त भार देण्याची मुभा देणारी मार्गदर्शक मानकं आहेत. पण तिथे अट अशी की त्याआधी भार हलका असावा, हवा थंड असावी आणि जास्तीचा भार थोडा वेळच राहावा. तेल तापायला वेळ लागतो, म्हणून तासाभराचा ताण निभावून जातो. नागपुरातला मे महिना यातली एकही अट पाळत नाही. सर्वाधिक भार आणि सर्वाधिक उष्मा एकाच दुपारी येतात आणि सहा-सात तास हटत नाहीत. तोवर तेल जितकं तापायचं तितकं तापून चुकलेलं असतं.

आता आत काय होतं ते पाहू. तांब्याच्या तारांमधून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते. भार १६ टक्क्यांनी वाढला तर तारांमधली उष्णता सुमारे ३५ टक्क्यांनी वाढते. आम्ही मागवलेल्या यंत्रात पूर्ण भाराला तेल बाहेरच्या हवेपेक्षा ४० अंशांनी तापेल असं धरलं होतं, आणि वेटोळ्यांतला सर्वांत तापलेला बिंदू तेलापेक्षा आणखी १८ अंशांनी. या बिंदूला हॉट स्पॉट म्हणतात. हवा ४४ अंशांवर असताना ६३० च्या यंत्रावर ११६ टक्के भार ठेवला तर हा बिंदू ११६ अंशांपर्यंत जातो. हजाराच्या यंत्रात, त्याच हवेत, त्याच भाराला तो साधारण ८१ अंशांवर राहतो. यंत्र बंद खोलीत ठेवलं आणि तिथला पंखा नीट चालत नसला तर दोन्ही आकडे आणखी चढतात.

वेटोळ्यांवरचं इन्सुलेशन कागदाचं असतं. साध्या कागदासाठी ९८ अंश ही प्रमाण पातळी धरतात. त्यावर दर ६ अंशांना कागद जीर्ण होण्याचा वेग दुप्पट होतो. ११६ म्हणजे १८ अंश जास्त, म्हणजे आठपट वेग. अशा दुपारच्या एका तासात यंत्राचं आठ तासांचं आयुष्य संपतं. ८१ अंशांवर हाच वेग प्रमाणाच्या सातव्या हिश्श्याइतका खाली येतो. माझ्या दृष्टीने पत्राचा सगळा भार याच हिशेबावर आहे, कारण कागद एकदा ठिसूळ झाला की तो पुन्हा मजबूत करता येत नाही. तेल गाळता येतं, बदलता येतं, पण कागद बदलायचा तर वेटोळीच नव्याने गुंडाळावी लागतात. शिवाय बाहेरून काही दिसत नाही. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत दिला तर त्यात फ्युरान सापडतात, कार्बन मोनॉक्साईड वाढलेला दिसतो, आणि कागद आतून जळतोय हे तेव्हा कळतं. ही तपासणी नियमाने करणारी रुग्णालयं थोडीच.

ब्रेकरचं काय होईल, हेही मालकाला सांगावं लागतं. ६३० केव्हीएचा पूर्ण भाराचा प्रवाह ८४० ॲम्पिअर. ट्रान्सफॉर्मर वाचवायचा तर ब्रेकरची ओव्हरलोड सेटिंग त्याच्या आसपास हवी. मे महिन्यातल्या दुपारी प्रवाह ९७५ ॲम्पिअरपर्यंत जाईल. म्हणजे बरोबर सगळ्यात उष्ण दिवशी, दुपारी तीन-चारच्या सुमाराला, ब्रेकर ट्रिप व्हायला लागेल. जनरेटर सुरू होईल, पण तो फक्त अत्यावश्यक भारासाठी घेतलेला आहे. चिलर त्यावर नाहीत. दोनदा असं झालं की देखभालीचा वायरमन ब्रेकरची सेटिंग वाढवतो. त्याच्या जागी कोणीही हेच करेल, कारण वरून डॉक्टर फोन करत असतात. ट्रिपिंग थांबतं आणि तेव्हापासून ट्रान्सफॉर्मरला राखण उरत नाही.

प्रस्तावात एक मुद्दा विचार करण्यासारखा होता: मोठं यंत्र रिकामं राहिलं तरी वीज खातं. खरं आहे. भार नसतानाही गाभा चुंबकित ठेवण्यासाठी हजाराच्या यंत्रात तासाला सुमारे एक युनिट जातं, ६३० मध्ये ०.७. पण तारांमधला व्यय उलट वागतो. रात्री भार ३०० केव्हीएवर उतरला तरी दोन्हींचा एकूण व्यय जवळपास सारखा येतो, १.७ आणि १.९ किलोवॅट. दुपारच्या कमाल भाराला हजाराचं यंत्र ५.३ किलोवॅट गमावतं, लहान यंत्र ७.६. हा फरक वीजबिलात फार मोठा नाही, आणि पत्रात तो फुगवून दाखवू नये. बचत होईल हा दावा टिकत नाही, एवढंच तो सांगतो. हा भार खरोखरच कायम ३०० केव्हीएच्या आत राहणारा असता तर मीच लहान ट्रान्सफॉर्मर सुचवला असता.

या सगळ्यातून जे पत्र गेलं त्याचा मधला भाग असा होता:

“डॉक्टरसाहेब, आपण पाठवलेला प्रस्ताव आम्ही आकड्यांनिशी तपासला. ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर हिवाळ्यात आपलं काम करेल, उन्हाळ्यात करणार नाही. सोबत दोन्ही हिशेब जोडले आहेत. मुख्य फरक वातानुकूलनाच्या टक्केवारीत आहे. दुसऱ्या टप्प्यातला विस्तार या हिशेबात धरलेला नाही. तो धरला तर फरक आणखी वाढतो. म्हणून ट्रान्सफॉर्मरची क्षमता कमी करण्याची सूचना आम्ही स्वीकारू शकत नाही. पण हाच खर्च दुसरीकडून उतरवता येतो. क्षमता आणि हमी दिलेला व्यय तेवढाच ठेवून ॲल्युमिनियमच्या वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर आम्हाला चालेल. सबस्टेशनची खोली मुख्य पॅनेलच्या शेजारी आणली तर जाड केबलची लांबी बरीच कमी होईल. हे दोन बदल कंत्राटदाराने किमतीसह मांडावेत.”

पत्राच्या शेवटी एक अट होती, आणि तिच्यामुळे पत्र नुसता नकार राहिलं नाही. जुन्या रुग्णालयाच्या मुख्य पॅनेलवर लोड रेकॉर्डर लावून १५ एप्रिल ते ३१ मे या काळातला पंधरा-पंधरा मिनिटांचा भार मोजावा आणि तो दोन्ही रुग्णालयांच्या खाटांच्या, चिलरच्या प्रमाणात मांडावा. त्यात नव्या इमारतीची मागणी ५५० केव्हीएच्या वर गेली नाही तर आम्ही आमचा हिशेब बाजूला ठेवून ६३० ला सही करू. ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर जून सुरू होईपर्यंत थांबवली तरी बांधकामाच्या वेळापत्रकाला धक्का लागत नव्हता, तेव्हा ट्रस्टने रेकॉर्डर भाड्याने घेण्याचं ठरवलं.