एगलेस, फ्रेश क्रीम, एक किलो: बर्थडे केक ऑर्डर करताना या तीन शब्दांचा नेमका अर्थ काय?

वसई-विरारमध्ये केक शोधत फिरावं लागत नाही. स्टेशनबाहेर केक शॉप आहेत, गावांकडे पावाच्या जुन्या बेकऱ्या आहेत आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑर्डर घेणाऱ्या होम बेकर ताईसुद्धा आहेत. प्रश्न मात्र सगळीकडे तेच येतात. एगलेस की विथ एग? कुठला फ्लेवर? किती किलो? आपण अर्ध्या मिनिटात उत्तरं देतो, ॲडव्हान्स भरतो आणि निघतो.

गोंधळ होतो तो इथेच. बेकरीवाला आणि गिऱ्हाईक एकच शब्द वापरतात, पण अर्थ वेगवेगळा धरतात. एक ऑर्डर घेऊन बघूया. समजा, विरार पश्चिमेच्या एका सोसायटीत पाच वर्षांच्या मुलीचा वाढदिवस आहे. मे महिना, संध्याकाळी सात वाजता, एसी नसलेला सोसायटीचा हॉल. 20 मुलं आणि 15 मोठी माणसं येणार आहेत, त्यात दोन कुटुंबं जैन आहेत.

एगलेस म्हणजे फक्त 'अंडं घातलेलं नाही'

वसईच्या ख्रिस्ती घरांमधल्या नाताळच्या केकमध्ये अंडी असणं ही अगदी रोजची गोष्ट. त्याच पट्ट्यात आगाशीचं जैन तीर्थ आहे, आणि इथल्या इमारतींमध्ये गुजराती, मारवाडी, जैन शेजारी आहेत. त्यामुळे एकाच बेकरीत दोन्ही प्रकारचे केक बनतात आणि प्रश्न तिथून सुरू होतो.

केकमध्ये अंडं दोन मोठी कामं करतं. फेटल्यावर ते हवा धरून ठेवतं, आणि ओव्हनमध्ये त्यातलं प्रथिन घट्ट होऊन केकचा सांगाडा उभा राहतो. अंडं काढलं की ही कामं दुसऱ्या कोणाला तरी करावी लागतात. घरी बहुतेक जण कंडेन्स्ड मिल्क किंवा दही आणि सोबत खायचा सोडा घेतात. बेकऱ्यांमध्ये सहसा तयार एगलेस प्रीमिक्स असतं. स्पंज चांगला होतो, पण थोडा जड आणि भुसभुशीत. म्हणून तो साखरेच्या पाकात जास्त भिजवतात. एगलेस केक तळाशी ओलसर आणि जास्त गोड लागतो त्याचं एक कारण हेच.

आपल्या ऑर्डरमध्ये महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. 'एगलेस' हा शब्द फक्त स्पंजबद्दल बोलतो. भांडी, बीटर, ओव्हन वेगळे आहेत का, हे तो सांगत नाही. केकवरच्या चमकदार जेलमध्ये किंवा मूसच्या थरात जिलेटिन आहे का, हेही सांगत नाही. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातडीपासून बनतं, त्यामुळे अंडं नसलेला केकसुद्धा मांसाहारी असू शकतो. म्हणून पाहुण्यांमध्ये कडक शाकाहारी कुटुंब असेल, तर 'एगलेस द्या' एवढ्यावर थांबू नका. 'जेलमध्ये किंवा मूसमध्ये जिलेटिन आहे का? अंड्याच्या केकची भांडी वेगळी आहेत का?' असं सरळ विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर शंभर टक्के शाकाहारी बेकरी गाठलेली बरी. निदान त्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे खायचं की नाही ते त्यांना ठरवता येईल.

एखाद्या मुलाला अंड्याची ॲलर्जी असेल तर हाच प्रश्न श्रद्धेचा न राहता तब्येतीचा होतो. तेव्हा सामायिक बीटर चालणार नाही.

पाकीटबंद पदार्थावर खूण असते: हिरवा ठिपका शाकाहारी, तपकिरी त्रिकोण मांसाहारी. एफएसएसएआयच्या नियमांत अंडं असलेला पदार्थ मांसाहारीत मोडतो. पण ऑर्डरनुसार बनवलेला केक साध्या खोक्यात येतो, त्यावर ही खूण सापडेलच असं नाही. तिथे विचारणं हाच उपाय.

'फ्रेश क्रीम' मध्ये दूध किती?

माझ्या मते सगळ्यात फसवा शब्द हाच आहे. आपल्याला वाटतं, फ्रेश क्रीम म्हणजे दुधाची ताजी साय फेटून लावलेली. प्रत्यक्षात बऱ्याच बेकऱ्यांमध्ये ते 'व्हिप टॉपिंग' असतं. वनस्पती तेल, बहुतेकदा पाम कर्नलचं, त्यात साखर, पाणी आणि फेस टिकवणारे घटक. ते गोठवलेल्या कार्टनमध्ये येतं आणि फेटलं की चांगलंच फुगतं. यात बेकायदा काही नाही. पण 'फ्रेश' म्हणजे 'ताजं फेटलेलं' एवढाच अर्थ उरतो.

बेकऱ्या ते का वापरतात? फक्त स्वस्त म्हणून नाही. दुधाचं क्रीम फुलून टिकायला त्यात साधारण 30 टक्के किंवा जास्त फॅट लागतं, ते सतत थंड ठेवावं लागतं आणि जरा जास्त फेटलं तर लोणी सुटतं. मे महिन्यात विरारच्या हॉलमध्ये दुधाच्या क्रीमची फुलं अर्ध्या-पाऊण तासात बसू लागतील. व्हिप टॉपिंग त्यापेक्षा बराच जास्त वेळ आकार धरतं. त्यामुळे आपल्या या ऑर्डरसाठी मी व्हिप टॉपिंगच निवडेन, फक्त ते काय आहे हे माहीत असताना आणि दुधाच्या क्रीमचे पैसे न देता.

ओळखायचं कसं? दुधाचं क्रीम किंचित पिवळसर असतं आणि जिभेवर विरघळून जातं. व्हिप टॉपिंग पांढरंशुभ्र असतं आणि पुष्कळदा टाळूला तुपकट थर राहिल्यासारखं वाटतं. त्याहून सोपं म्हणजे कार्टन दाखवायला सांगा. घटकांत वनस्पती तेल किंवा 'नॉन-डेअरी' लिहिलेलं असेल तर उत्तर मिळालं. मात्र 'नॉन-डेअरी' वाचून दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला ते देऊ नका. अनेक टॉपिंगमध्ये सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधाचंच प्रथिन आहे.

बाकीचे पर्याय थोडक्यात. बटरक्रीम, म्हणजे जुन्या केकवरची घट्ट गुलाबाची फुलं, बरंच गोड असतं. ट्रफल म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण. चव दाट, पण उन्हात तेही मऊ पडतं. कार्टूनच्या बाहुल्या आणि गुळगुळीत पृष्ठभाग फॉन्डंटचा असतो. ती साखरेची पोळीच म्हणा. फ्रिजमधून दमट हवेत आली की तिला घाम फुटतो आणि रंग ओघळू शकतात. वसईच्या पावसाळ्यात फॉन्डंट घ्यायचा असेल तर हे लक्षात ठेवाच. शिवाय बहुतेक मुलं तो सोलून बाजूला ठेवतात.

एक किलोत किती जण?

साधा हिशोब असा: मोठ्या माणसाला सुमारे 80 ग्रॅम, लहान मुलाला 50 ते 60 ग्रॅम. आपल्याकडे 15 मोठे म्हणजे 1,200 ग्रॅम आणि 20 मुलं म्हणजे आणखी 1,000 ते 1,200. म्हणजे जवळपास अडीच किलो. सोबत पावभाजी आणि आइस्क्रीम असेल तर दोन किलोही पुरतील. फक्त केक आणि वेफर्स असतील तर अडीचच घ्या.

पण किलो हे वजन आहे, आकार नाही. एक किलोचा पाइनॅपल क्रीम केक साधारण 7 ते 8 इंच व्यासाचा येतो. तेवढ्याच वजनाचा ट्रफल केक लहान दिसतो, कारण क्रीममध्ये हवा असते आणि ट्रफलमध्ये नसते. फॉन्डंटच्या केकमध्ये तर वजनाचा मोठा भाग वरच्या साखरेत जातो. म्हणून डिझायनर केकची ऑर्डर देताना 'आत खायचा केक किती?' हे विचारा. वजन खालच्या बोर्डाशिवाय धरलंय ना, हेही.

अडीच किलोचा एकच डिझायनर केक घेण्यापेक्षा मी ऑर्डर दोन भागांत देईन. फोटोसाठी एक किलोचा सजवलेला गोल केक, आणि त्याच फ्लेवरचा दीड किलोचा साधा चौकोनी केक, ज्यावर नाव नाही की फुलं नाहीत. डिझाइनचे जादा पैसे एकाच किलोवर लागतात. चौकोनी केक कापायलाही सोपा: 8 इंचाच्या चौकोनाचे 2 बाय 1 इंचाचे तुकडे केले तर 32 होतात, प्रत्येकी 45-50 ग्रॅमचे. मुलगी गोल केक कापत असताना मागे कोणीतरी प्लेट भरायला लागतं, आणि 20 मुलं 'मला फूल हवं' म्हणत एकाच केकभोवती उभी राहत नाहीत.

फ्लेवर कुठला?

एगलेस घ्यायचा असेल तर चॉकलेट किंवा पाइनॅपल. कोकोची दाट चव किंवा फळाचा पाक स्पंजचा जडपणा झाकतो. साध्या व्हॅनिलात तो लगेच कळतो. पाइनॅपल डब्यातला वापरतात म्हणून नाक मुरडू नका. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातल्या प्रथिनांना तोडून क्रीम कडू करतं. डब्यातलं फळ उकळलेलं असल्याने तो त्रास होत नाही. मे महिन्यात ताज्या हापूसचा केक मिळतो, पण आंब्याच्या फोडींना पाणी सुटतं, म्हणून तो त्याच दिवशी बनवलेला आणि त्याच दिवशी संपणारा हवा. ब्लॅक फॉरेस्टवरची लाल 'चेरी' बऱ्याचदा पाकवलेलं, रंगवलेलं करवंद असतं. खायला हरकत नाही, फक्त चेरीची अपेक्षा ठेवू नका.

ऑर्डर देताना

सगळं फोनवर बोललात तरी शेवटी एक व्हॉट्सॲप मेसेज टाका. आपल्या ऑर्डरचा मेसेज असा होईल:

'शनिवार, संध्याकाळी 5.30 ला नेणार. एगलेस, जिलेटिन नको. चॉकलेट, व्हिप क्रीम. 1 किलो गोल, फुलपाखरांचं डिझाइन, फॉन्डंट नको. 1.5 किलो चौकोनी, साधा. नाव देवनागरीत: आरोही.'

नाव जसं हवं तसंच टाइप करून पाठवा. फोनवर सांगितलेल्या नावाचं स्पेलिंग समोरचा माणूस त्याच्या अंदाजाने लिहितो, आणि चूक कळते ती मेणबत्त्या लावताना. साध्या केकला एक दिवस आधी सांगितलं तरी बहुतेक ठिकाणी चालतं, डिझाइन असेल तर दोन-तीन दिवस द्या. बिलावर एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक असतो. होम बेकरकडेही तो मागायला संकोच नको.

केक घेताना खोकं दुकानातच उघडून नाव, कडा आणि वजन बघा. दादर किंवा अंधेरीच्या आवडत्या दुकानातून आणायचा मोह असेल तर संध्याकाळची विरार लोकल आठवा. रिक्षात केक मांडीवर घेऊ नका, मांडी सपाट नसते. खोकं पायाशी सपाट ठेवून धरा आणि चालकाला खड्डे जपून काढायला सांगा. घरी आल्यावर केक थेट फ्रिजमध्ये, आणि कापायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर. त्या दिवशी महावितरणची वीज गेली तर फ्रिज पुन्हापुन्हा उघडू नका. दार बंद असलं की आतला थंडावा काही तास टिकतो. हॉलमध्ये दोन तासांहून जास्त वेळ उघड्यावर राहिलेला क्रीमचा केक मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.