पाला, पानं आणि दांडा

थंडीत मंडईत मुळ्याची जुडी हातात घेतली की भाजीवाली विचारते, "पाला काढू का?" आपण मान हलवायच्या आतच पाला मोडून गाड्याखाली पडलेला असतो. फ्लॉवरचा गड्डा तर अनेकदा पानं छाटूनच समोर येतो. ब्रोकोलीचं उलटं होतं. तिचा जाड दांडा तुरे जोडूनच तराजूत चढतो, त्याचे पैसे आपण मोजतो आणि घरी आल्यावर तोच कापून ओल्या कचऱ्यात टाकतो.

टाकण्यामागे कारणं आहेत आणि ती खरीही आहेत. मुळ्याचा पाला उग्र लागतो आणि त्याची लव जिभेला टोचते. फ्लॉवरच्या पानाची मधली शीर शिजत नाही, शिवाय फवारणीची धास्ती असते. ब्रोकोलीचा दांडा चावून चावून शेवटी तोंडात चोथा उरतो. पण तिघांचा दोष एकच नाही, म्हणून उपायही एक नाही. सरसकट 'धुऊन चिरून फोडणीला टाका' असं केलं की भाजी बिघडते आणि पुन्हा कोणी त्या वाटेला जात नाही. ज्याचा जो दोष, तो चुलीवर चढवायच्या आधी काढायचा, एवढंच खरं काम आहे.

मुळ्यापासून सुरुवात करू, कारण त्याच्या पाल्याची भाजी आपल्याकडे जुनीच आहे. बाजारातून आल्यावर पाला आणि मुळा लगेच वेगळे करावेत. जोडलेले राहिले तर पानं मुळ्यातलं पाणी ओढत राहतात, दोन दिवसांत मुळा पिचपिचीत होतो आणि पानंही पिवळी पडतात. पाला कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवला तर दोनेक दिवस चांगला राहतो. धुणं मात्र भाजी करायच्या वेळीच, आणि चिरण्याआधी. खोल पातेल्यात पाणी भरून जुडी बुडवायची, हलवायची आणि पानं वर उचलून घ्यायची. पातेलं चाळणीत उपडं केलं तर तळाला बसलेली माती परत पानांवरच येते. तळाला बोट फिरवून रेती लागेनाशी होईपर्यंत पाणी बदलत राहावं. साधारण तीन पाण्यांत काम होतं.

आता त्या उग्रपणाचं. मुळा, फ्लॉवर आणि ब्रोकोली ही तिन्ही मोहरीच्या कुळातली. या कुळातल्या पानांत गंधक असलेली द्रव्यं असतात आणि त्यांच्यापासून वेगळं, दुसऱ्या कप्प्यात बसलेलं एक विकर असतं. पान अखंड असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. सुरी चालली की कप्पे फुटतात, ती एकत्र येतात आणि झणका तयार होतो. मोहरी फेसताना नाकात जातो तो हाच झणका. विकर उष्णतेनं मरतं. म्हणून ज्यांच्या घरी मुलं नाक मुरडतात त्यांनी पाला न चिरता अख्खाच उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवावा, गार पाण्यात टाकावा, पिळावा आणि मग चिरावा. भाजी पुष्कळ सौम्य होते. आधी चिरून, मीठ चोळून, दहा मिनिटांनी पिळण्याची रीतही चालते. पण दोन्ही रीतींत पाण्याबरोबर थोडी जीवनसत्त्वं जातात. कोवळा पाला असेल तर यातलं काहीच करू नये. त्याचा झणकाच भाजीला चव देतो.

पीठ पेरून केलेली भाजी मला या पाल्याची सगळ्यात चांगली भाजी वाटते, म्हणून ती नीट सांगते. चार मध्यम मुळ्यांचा पाला निवडून साधारण पाव किलो भरतो. देठ आणि पानं वेगवेगळी, बारीक चिरावीत. बारीक चिरणं इथे महत्त्वाचं, कारण लव उष्णतेनं मऊ पडते तरी मोठ्या तुकड्यात जाणवते. कढईत दोन मोठे चमचे तेल घेऊन मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेल्या सहासात लसूण पाकळ्या आणि दोनतीन हिरव्या मिरच्या घालाव्यात. लसूण तांबूस झाला की हळद आणि आधी देठ. दोनतीन मिनिटांनी पानं. या वेळी झाकण ठेवायचं नाही. या कुळातल्या भाज्या झाकून फार वेळ शिजवल्या की गंधकाचा कोंदट वास धरतात, आणि पानांतून निघणारं आम्ल वाफेबरोबर बाहेर न पडता आतच कोंडल्यानं हिरवा रंगही शेवाळी होतो. मीठ पाला खाली बसल्यावरच घालावं. कढईभर दिसणारा ढीग पाचसहा मिनिटांत वाटीभर होतो, आणि ढीग पाहून घातलेलं मीठ हमखास जास्त होतं.

मग तीन ते चार मोठे चमचे बेसन चिमटीतून भुरभुरावं. एका हातानं पेरायचं, दुसऱ्या हातानं हलवायचं. आता झाकण ठेवून मंद आचेवर तीनचार मिनिटं वाफ, एकदा परतून पुन्हा तेवढीच वाफ. पालाभाजीला सुटलेलं पाणी पिठाला पुरतं. पाला पिळून घेतला असेल तर मात्र पाण्याचा हबका मारावा लागतो, नाहीतर बेसन कोरडंच राहतं. पीठ शिजलं की त्याचा रंग गडद पिवळा होतो आणि कणकण मोकळे दिसतात. टाळूला चिकटलं तर अजून कच्चं आहे. गिच्च गोळा झाला तर पीठ पेरलं तेव्हा कढईत पाणी फार होतं. अशा वेळी झाकण काढून, बाजूनं तेल सोडून परतत राहिलं की भाजी बरीच सुटी होते.

फ्लॉवरच्या पानांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे चवीआधी स्वच्छता येते. ही पानं खायला उत्तम आहेत. त्यांत कॅल्शियम भरपूर असतं आणि पालकातलं ऑक्झॅलेट जसं कॅल्शियमला धरून ठेवतं तसं इथे फारसं होत नाही, त्यामुळे ते अंगी लागतं. पण फ्लॉवरवर अळी आणि मावा दोन्ही पडतात आणि त्यांच्यासाठी फवारण्या होतात. औषधाचा पहिला थर बाहेरच्या पानांवर बसतो. काही औषधं पानाच्या आत भिनतात आणि ती कितीही धुतली तरी निघत नाहीत. म्हणून बाहेरची मोठी, काळपट हिरवी, फाटकी पानं सरळ टाकून द्यावीत. इथे काटकसर करू नये. शेतकरी ओळखीचा असेल आणि शेवटची फवारणी कधी झाली हे त्याला विचारता येत असेल तर गोष्ट निराळी.

मधल्या थरातली पानं घ्यावीत आणि गड्ड्याला बिलगून असलेली फिकट, कोवळी पानं तर नक्कीच. या पानांवर मेणासारखी साय असते, त्यामुळे नळाखाली धरलेलं पाणी अळूच्या पानावरून ओघळावं तसं निसटून जातं. पान धुतल्यासारखं वाटतं, पण धुतलेलं नसतं. दोन्ही बाजूंनी बोटांनी चोळावं लागतं. पान उलटं करून मधल्या शिरेच्या कडेनं पाहावं. राखाडी, पीठ सांडल्यासारखा पट्टा दिसला तर तो मावा. खसखशीसारखे काळे दाणे दिसले तर ती अळीची विष्ठा, म्हणजे अळी जवळपासच आहे. कोमट पाण्यात मीठ घालून पानं दहा मिनिटं बुडवून ठेवली की किडे सुटून वर येतात. मिठाच्या पाण्यानं औषधही निघतं हा समज मात्र धरू नये. वरवरचं काही निघतं ते चोळण्यानं आणि वाहत्या पाण्यानं.

मग पान घडी घालून मधली शीर सुरीनं काढावी. पातं पाच मिनिटांत शिजतं, शिरेला दहाबारा लागतात, आणि दोन्ही एकत्र टाकली तर एकाचा गाळ होतो आणि दुसरी करकरीत राहते. फसलेल्या बहुतेक भाज्या इथेच फसतात. पातं बारीक चिरून मेथीसारखं भिजवलेल्या मूगडाळीबरोबर परतावं, किंवा कोथिंबिरीच्या वड्यांसारख्या वड्या कराव्यात. दोन वाट्या चिरलेल्या पानांना वाटीभर बेसन आणि दोन चमचे तांदळाचं पीठ पुरे. उंडे पंधरावीस मिनिटं वाफवून, पूर्ण गार झाल्यावरच कापावेत, गरम कापले तर मोडतात. जाड शिरा सोलून, आडव्या पातळ चिरून आमटीत घालाव्यात. बंगालमध्ये फ्लॉवरचे हे दांडे चच्चडीत इतर भाज्यांच्या जोडीनं घालतात, आणि पंजाबी घरांत आल्याबरोबर त्यांची वेगळी भाजी होते. आपल्याकडे त्यांना गोडा मसाला आणि थोडा गूळ छान लागतो.

रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल त्यांनी या पालेभाज्या एकदम वाढवू नयेत. हिरव्या पानांत के जीवनसत्त्व पुष्कळ असतं आणि त्यामुळे गोळीचा परिणाम कमी होतो. डॉक्टरांना विचारून रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवावं.

ब्रोकोलीच्या दांड्याला ना उग्रपणा, ना फार मातीचा त्रास. तो सोलायचा कसा एवढंच कळायला हवं. दांडा आडवा कापून उजेडात धरा. बाहेर हिरवी साल, तिच्या आत पांढुरकं, धाग्याधाग्यांचं कडं आणि मधोमध फिकट, पाणीदार, जरा पारदर्शक गर दिसेल. चोथा होतो तो त्या कड्याचा. साल काढायच्या सोलाण्यानं फक्त हिरवा थर निघतो आणि कडं मागे राहतं, म्हणून सोलूनही दांडा चिवट लागतो. बुडाकडचा सुकलेला सेंटिमीटरभर भाग कापून टाकावा. मग सुरीचं टोक कड्याच्या आत घालून साल धरून वर ओढावी. लांब पट्ट्या निघून येतात. दोनतीन मिलिमीटर जाडी गेल्यासारखी वाटते, ती जाऊ द्यावी. गरात नख सहज रुतलं की सोलणं पुरं झालं. बुडाशी कधी पोकळी सापडते. ती कोरडी, पांढरी असेल तर चालते, तपकिरी किंवा ओलसर असेल तर तेवढा भाग कापावा.

उरलेला गर नवलकोलासारखा लागतो आणि त्यात नवल नाही, कारण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ब्रोकोली आणि नवलकोल एकाच जातीची दोन रूपं आहेत. म्हणून नवलकोलाचं जे जे करतो ते ते याचं करावं. किसून दही आणि शेंगदाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर होते. तुऱ्यांबरोबर परतायचा असेल तर पातळ चकत्या करून तीन मिनिटं आधी कढईत टाकावा.

मला त्याचं ताजं लोणचं सगळ्यात आवडतं. दोन दांडे सोलून, करंगळीच्या पेराएवढ्या फोडी केल्या की साधारण वाटीभर होतात. त्यांना चमचाभर मीठ आणि थोडी हळद लावून अर्धा तास ठेवावं, सुटलेलं पाणी काढून टाकावं आणि फोडी फडक्यावर कोरड्या कराव्यात. दोन चमचे मोहरीची डाळ थोड्या पाण्यात नाकाला झणका येईपर्यंत फेसावी, मग त्यात एका लिंबाचा रस घालावा. लिंबू आधी घातलं तर आंबटपणा त्या विकराचं काम मंदावतो आणि झणका कमी चढतो. फोडी, फेसलेली मोहरी आणि चवीपुरतं तिखट कालवून वर हिंगाची फोडणी पूर्ण गार करून ओतावी. दुसऱ्या दिवशी फोडी मुरतात. याला तेलाचा थर नाही आणि मीठही बेताचं, तेव्हा बरणी फ्रिजमध्येच ठेवावी आणि चारपाच दिवसांत संपवावी.