बदली डॉक्टरच्या हाती द्यायचा कागद

गावातले डॉक्टर वर्षातून एकदा तरी आठ-दहा दिवस बाहेर जातात. घरचं लग्न असतं, स्वतःचं एखादं ऑपरेशन असतं, कधी मुलाला कॉलेजात पोचवायचं असतं. दवाखाना बंद ठेवणं त्यांच्या जिवावर येतं, म्हणून ते ओळखीतल्या एखाद्या तरुण डॉक्टरला बसवून जातात. जाताना दवाखान्याच्या किल्ल्या दिल्या जातात, सिस्टरशी ओळख करून दिली जाते आणि 'काही लागलं तर फोन कर' असं सांगून गाडी सुटते.

या नव्या डॉक्टरला औषधं ठाऊक असतात, आजारही ठाऊक असतात. त्या तालुक्यात रात्री आठनंतर कुठल्या रुग्णालयात डॉक्टर हजर असतो, सापाची लस कुठे मिळते, घाटातला रस्ता पावसात कधी बंद होतो, हे मात्र ठाऊक नसतं. कुठल्याही पुस्तकात ते छापलेलं नसतं. म्हणून हाती एक कागद द्यायचा असतो. तो कसा लिहावा याबद्दल माझं ठाम मत आहे, कारण बहुतेक दवाखान्यांत तो चुकीच्या बाजूने लिहिलेला दिसतो. त्यावर रुग्णालयांची नावं असतात आणि प्रत्येकापुढे फोन नंबर असतो. पण रुग्ण दारात येतो तो छातीत दुखतंय, साप चावलाय, पाणी गेलंय असं सांगत. म्हणून कागद आजारांनुसार लिहायला हवा. डावीकडे तक्रार, तिच्यापुढे दिवसा कुठे पाठवायचं, रात्री कुठे पाठवायचं आणि पाठवण्याआधी दवाखान्यात काय करायचं. छोट्या दवाखान्याला अशा सात-आठ ओळी पुरतात.

त्यातली सर्पदंशाची एकच ओळ घेऊ आणि ती कशी वापरली जाते ते एका उदाहरणातून पाहू. सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोकणातल्या एका तालुक्यात असा दवाखाना आहे असं समजा. प्राथमिक आरोग्य केंद्र सात किलोमीटरवर, ग्रामीण रुग्णालय बावीसवर, आणि व्हेंटिलेटर, डायलिसिस असलेलं जिल्हा रुग्णालय साठ किलोमीटरवर. जून महिना, भाताची पेरणी चालू. संध्याकाळी सव्वासातला एका शेतकऱ्याला जीपमधून आणतात. पावणेसातला बांधावर पायाला काहीतरी चावलं. पाय सुजलाय, हिरड्यांतून थोडं रक्त येतंय, घोट्याच्या वर कुणीतरी सुतळी करकचून बांधली आहे. नातेवाइकांचं ठरलेलं आहे: थेट जिल्ह्याला न्यायचं.

कोकणात फुरसं भरपूर. त्याच्या आणि घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जातंतूंवर जातं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. आपल्याकडची लस या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप ओळखण्यात वेळ घालवण्याची गरज नसते. मारलेला साप पिशवीत घालून आणण्याचीही नसते. प्रश्न एकच उरतो, लसीचा पहिला डोस सर्वांत लवकर कुठे मिळेल. कागदावर ठळक लिहिलेलं असतं: 'आधी लस, मग मोठं रुग्णालय.' साठ किलोमीटरचा घाटरस्ता पावसात दोन तास खातो आणि तेवढा वेळ विष रक्तात काम करत राहतं.

बदली आलेल्या डॉक्टरबाई आधी आरोग्य केंद्राला फोन लावतात. लस आहे, पण वैद्यकीय अधिकारी बैठकीसाठी जिल्ह्याला गेलेले आहेत. मग ग्रामीण रुग्णालय. फोनवर काय विचारायचं हेही कागदावर लिहिलेलं असतं: "सापाची लस आत्ता किती वायल शिल्लक आहे? डॉक्टर स्वतः हजर आहेत का?" लस आहे का, एवढंच विचारलं तर 'आहे' असं उत्तर येतं आणि कपाटात चार वायल निघतात. सुरुवातीचा डोसच आठ ते दहा वायलचा असतो, आणि तो मोठ्या माणसाला आणि लहान मुलाला सारखाच लागतो, कारण सापाने विष सोडताना वजन पाहिलेलं नसतं. उत्तर येतं, "वीस आहेत, डॉक्टर आहेत, पाठवा." कोण बोललं त्यांचं नाव बाई चिठ्ठीवर लिहून घेतात.

दरम्यान सिस्टरने शीर मिळवून सलाईनची सुई लावून ठेवलेली असते. सुतळी झटक्याने सोडायची नसते. अडवून धरलेलं विष एकदम शरीरात जाऊ शकतं, म्हणून सुई लागल्यावर आणि श्वासाला आधार द्यायची पिशवी हाताशी ठेवूनच ती सोडायची. पाय हलणार नाही असा फळीला बांधायचा. इथे नवख्या डॉक्टरचा हात सवयीने धनुर्वाताच्या इंजेक्शनकडे जातो. रक्त गोठत नसताना स्नायूत सुई टोचली की आत रक्त साठतं, म्हणून कागदावर तशी ताकीद असावी. दुखण्याला पॅरासिटामॉलची गोळी पुरते.

आता गाडी. १०८ला फोन केल्यावर कळतं की रुग्णवाहिका यायला पस्तीस मिनिटं लागतील. जीप दारात उभी आहे, रुग्ण शुद्धीत आहे, श्वास ठीक आहे, पापण्या उघड्या आहेत. अशा वेळी जीपने निघावं. पापण्या मिटत असत्या किंवा आवाज घोगरा झाला असता तर निर्णय वेगळा झाला असता. वाटेत श्वास थांबू शकतो, म्हणून ऑक्सिजन आणि डॉक्टर असलेली रुग्णवाहिका हवी, किंवा श्वासाची पिशवी चालवू शकणारं कुणीतरी जीपमध्ये सोबत हवं. ही दोन टोकं कागदावर वेगळी लिहिलेली नसतील तर रात्री घाबरलेल्या घरच्यांसमोर तो निर्णय फार जड जातो.

गाडी लवकर मिळणार नसेल तेव्हा एक साधी तपासणी दवाखान्यातच होते. दोन मिलिलिटर ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी एकदा तिरकी करायची. रक्त पातळच वाहिलं तर विषाने गोठण बिघडवलेलं आहे. यात नळी हीच मोठी अडचण ठरते. साबणाने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची नळी असेल तर निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही आणि निदान चुकतं. म्हणून 'काचेच्या नव्या नळ्या, औषधांच्या कपाटात वरच्या कप्प्यात, साबण लावू नये' ही ओळ मला कागदावरच्या सर्वांत मोलाच्या ओळींपैकी एक वाटते. पण गाडी तयार असताना या वीस मिनिटांसाठी रुग्णाला थांबवू नये. ती तपासणी पुढच्या रुग्णालयात होईल.

मण्यारीसाठी याच ओळीखाली आणखी एक टीप हवी. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, अंगावर दंशाची खूण दिसत नाही, आणि थोड्या वेळाने पापण्या उतरू लागतात. बाहेरून आलेला डॉक्टर अशा पोटदुखीला ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवू शकतो. पावसाळ्यात पहाटेच्या पोटदुखीत पापण्या पाहा, एवढं लिहिलं तरी पुरे.

रुग्णासोबत जाणारी चिठ्ठी चार ओळींची असते, पण तिच्यात वेळा हव्यात: दंश कधी, दवाखान्यात कधी आला, हिरड्यांतून रक्त कधी दिसलं, काय दिलं आणि कधी, बांधलेलं कधी सोडलं, फोनवर कोणाशी बोलणं झालं. पुढच्या डॉक्टरला यावरून विष किती वेगाने चढतंय ते कळतं. 'सर्पदंश, पुढील उपचारासाठी पाठवत आहे' एवढ्यावरून काहीच कळत नाही.

संपर्कांबद्दल थोडं सांगायला हवं. माणसांच्या बदल्या होतात, म्हणून नावापेक्षा पद लिहावं आणि शक्यतो तिथला लँडलाइन नंबर द्यावा. १०८चा फोन पुण्यातल्या केंद्रात उचलला जातो. तिथल्या माणसाला आपली वाडी ठाऊक नसते. म्हणून गाव, तालुका, जिल्हा, मुख्य रस्त्यावरची ठळक खूण असा पत्ता कागदावर जसाच्या तसा वाचून दाखवता येईल असा लिहिलेला हवा. गरोदर बाईसाठी १०२ची गाडी असते, तो नंबर बाळंतपणाच्या ओळीत हवा. कागदाच्या तळाशी तारीख हवी, आणि मूळ डॉक्टर गावात असतानाच नव्या डॉक्टरने प्रत्येक नंबर एकदा लावून पाहावा. दोन-तीन तरी बंद निघतात.

रोजच्या कामाचा भाग छोटा ठेवावा. फी आणि वेळा सिस्टरला ठाऊक असतात. ॲड्रेनलिन कुठे आहे, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाना कुठे टांगलेला असतो, वीज गेल्यावर लसींच्या फ्रिजचं काय करायचं, हे लिहावं, कारण या तीन गोष्टी शोधायला वेळ मिळत नाही. तो फ्रिज २ ते ८ अंशांतच राहायला हवा.

एका गोष्टीकडे मात्र जवळजवळ सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. लॅबचे रिपोर्ट मूळ डॉक्टरांच्या मोबाइलवर येतात आणि ते तर रजेवर असतात. थुंकीत क्षयाचे जंतू सापडल्याचा रिपोर्ट आठवडाभर एखाद्या लग्नघरात न उघडलेल्या मेसेजमध्ये पडून राहू शकतो. रुग्ण तोवर घरात खोकत असतो, आणि क्षयाची नोंद सरकारला कळवणं खाजगी डॉक्टरवरही २०१२पासून बंधनकारक आहे. त्यामुळे रजेच्या आदल्या दिवशी लॅबला फोन करून नवा नंबर द्यावा, आणि कोणाकोणाचे रिपोर्ट यायचे आहेत त्यांची नावं, त्यांच्या फोन नंबरांसह, कागदामागे लिहावीत.

सहीबद्दलही स्पष्ट लिहावं. बदली डॉक्टरने चिठ्ठीवर स्वतःचं नाव आणि स्वतःचा नोंदणी क्रमांक घालावा. मूळ डॉक्टरांनी आधीच सह्या करून ठेवलेले कोरे लेटरहेड कधीही वापरू नयेत. त्या चिठ्ठीवरून पुढे काही बिघडलं, तर औषध कोणी दिलं हेच सांगता येत नाही.

कागद कितीही चांगला असला तरी रुग्णाच्या घरातलं त्याला ठाऊक नसतं. तुमच्या डॉक्टरांच्या खुर्चीत नवं कुणी बसलेलं दिसलं, तर चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि जुनी फाइल बरोबर न्या. पेनिसिलिन किंवा आणखी कशाची ॲलर्जी असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दिवस गेले असतील, तर ते विचारायची वाट न पाहता सर्वांत आधी सांगा.